सांगायचं किती आणि झाकायचं किती?

“पोलीस खात्यात 19 वर्षं झाली. शेवटची सहा वर्षं बंदोबस्ताचं नियोजन आणि गोपनीय माहितीचं काम. आता एका कंपनीत सुरक्षा आणि जोखीम व्यवस्थापनाच्या जागेसाठी अर्ज करायचाय. पण बायोडेटा लिहायला बसलो की हात अडतो. खरं लिहावं तर गुप्तता मोडते, आणि मोघम लिहावं तर 19 वर्षं काहीच केलं नाही असं वाटतं.”

या अधिकाऱ्यांनी बायोडेटाचे दोन मसुदे सोबत आणले होते. पहिल्यात एकच ओळ होती: ‘विविध संवेदनशील जबाबदाऱ्या यशस्वीपणे पार पाडल्या.’ ही ओळ कुणीही लिहू शकतो, म्हणून तिची किंमत शून्य. दुसरा मसुदा बरोबर उलट्या टोकाचा होता. त्यात एका मोठ्या वार्षिक मेळाव्याचं नाव होतं, किती प्रवेशद्वारं, एकूण किती कर्मचारी, त्यातले साध्या वेशातले किती, नियंत्रण कक्षातून पथक किती मिनिटांत पोहोचायचं, हे सगळं होतं. त्यांचं म्हणणं असं की मेळावा तीन वर्षांपूर्वीचा आहे, आता त्यात लपवण्यासारखं काय राहिलं?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. घटना जुनी झाली म्हणून पद्धत जुनी होत नाही. दरवर्षी होणाऱ्या कार्यक्रमाचा बंदोबस्त आदल्या वर्षीचाच आराखडा थोडा बदलून केला जातो. त्यामुळे साध्या वेशातल्यांचं प्रमाण कळलं की पुढच्या वर्षीचंही प्रमाण अंदाजे कळतं. पथक किती मिनिटांत पोहोचतं हे वाचताना आपल्याला ती कार्यक्षमता वाटते. वाईट हेतूच्या माणसाला मात्र आपल्या हाताशी किती मिनिटं आहेत ते समजतं. शिवाय एकेक आकडा निरुपद्रवी दिसला तरी मेळाव्याचं नाव, तारीख, बातमीतले फोटो आणि हा बायोडेटा एकत्र ठेवले की चित्र पुरं होतं.

म्हणून आम्ही त्यांना प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारायला सांगितला: हे वाचून कुणाला पुढच्या वेळचा बंदोबस्त चुकवणं सोपं जाईल का? उत्तर ‘हो’ किंवा ‘कदाचित’ आलं की ओळीतून ठिकाण, तारीख, तैनातीचं प्रमाण, प्रतिसादाची वेळ, उपकरण आणि माहिती मिळण्याची वाट काढून टाकायची. खबऱ्यांचा प्रश्न तर यायलाच नको. त्यांचं नाव सोडा, ‘अमुक व्यवसायातले लोक माहिती देत’ एवढंही कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

काढून टाकल्यावर उरतं काय, ही त्यांची खरी भीती होती. उरतो तो निर्णय, आणि कंपनीला नेमका तोच हवा असतो. जोखीम व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 31000 धोका ओळखणं, त्याचं विश्लेषण, कुठला आधी हाताळायचा हे ठरवणं आणि मग उपाय, अशा क्रमाने काम मांडतं. बंदोबस्ताचं नियोजन करणारा अधिकारी हेच करत असतो, फक्त त्याला ही नावं दिलेली नसतात. या क्रमात बसवल्यावर त्यांची ओळ अशी झाली:

‘मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी धोक्यांचं मूल्यमापन करून सुरक्षा आराखडे तयार केले, आयोजक, अग्निशमन, वैद्यकीय आणि वाहतूक यंत्रणांशी समन्वय ठेवला, 200हून अधिक कर्मचाऱ्यांच्या कामावर देखरेख केली, प्रत्येक कार्यक्रमानंतर त्रुटींचा आढावा घेऊन पुढचा आराखडा सुधारला.’

आकडा ठेवला, पण तो हाताखालच्या माणसांचा, एखाद्या ठिकाणच्या तैनातीचा नव्हे, आणि तोही ढोबळ. शेवटचं वाक्य त्यांना किरकोळ वाटत होतं. कंपनीच्या दृष्टीने ते सर्वांत वजनदार आहे, कारण चुका नोंदवून आराखडा बदलणारा माणूस तिथे लागतो. किती अटका केल्या या आकड्याचा तिथे फारसा उपयोग नाही. कामकाज किती वेळ बंद राहिलं, नुकसान किती टळलं, ही त्यांची मापं.

मुलाखतीची तयारी हा याहून अवघड भाग निघाला. कागदावर सावध असलेला माणूस बोलता बोलता सैल होतो. सरावात आम्ही विचारलं, “साध्या वेशात साधारण किती ठेवता?” त्यांनी क्षणात आकडा सांगितला आणि मग कपाळावर हात मारला. बदललेलं उत्तर असं होतं: “तो आकडा मी सांगणार नाही, पण संख्या कशावरून ठरवावी ते सांगतो.” आणि मग उघड, छापील ज्ञानाच्या आधारे बोलायचं. उदाहरणार्थ, हलत्या गर्दीत दर चौरस मीटरला चार-पाच माणसं झाली की धोका वाढायला लागतो. मग कार्यक्रम संपताना सगळे एकाच दाराकडे वळू नयेत म्हणून बाहेर पडण्याच्या वाटा आणि वेळा वेगळ्या कशा करायच्या, रुग्णवाहिकेची वाट कुणी अडवली तर हटवण्याचा अधिकार आधीच कुणाला द्यायचा. यात कुठलंही गुपित नाही, तरी ऐकणाऱ्याला कळतं की समोरच्याने हे काम प्रत्यक्ष केलंय.

नकार देताना अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. काही मुलाखतकार मुद्दाम खोदून बघतात. आधीच्या ठिकाणचं इथे सांगणारा आमचंही उद्या दुसरीकडे सांगेल, हा त्यांचा साधा हिशेब असतो.

दुसरा धोका वेगळ्या दारातून येतो: “खात्यात तुमच्या ओळखी असतीलच ना?” प्रश्न हसत विचारला जातो, पण त्यामागे कधी कधी कुणाचे कॉल तपशील किंवा गुन्ह्यांच्या नोंदी सहज मिळतील अशी अपेक्षा असते. वर्दी उतरली की झडती, अटक, नोंदी पाहणं हे अधिकारही उतरतात, आणि जुन्या सहकाऱ्याकडून ते काम करून घेणं म्हणजे त्याची नोकरी धोक्यात घालणं. त्यांनी ठरवलेलं उत्तर असं: “तक्रार कुठे, कशी आणि कुठल्या कागदांसह द्यायची हे मला नीट माहीत आहे. नोंदी बाहेरून मिळवणं मी करणार नाही.” यावर कंपनी नाराज झाली तर ती जागा कसली होती, ते नेमणुकीआधीच कळलं म्हणायचं.

कागदपत्रांचं आम्ही थोडक्यात आवरलं. बंदोबस्ताचे आदेश, घटनेनंतरचे अहवाल, पथकाचे फोटो ‘नमुना’ म्हणून सोबत न्यायचे नाहीत. ते खात्याचे आहेत. कामाचा नमुना मागितला तर काल्पनिक इमारतीचं दोन पानी जोखीम-मूल्यमापन नव्याने लिहून न्यायचं. प्रशस्तिपत्रात प्रकरणाचा उल्लेख असेल तर ते संकेतस्थळावर चढवायचं नाही. विशेष शाखेचं नाव लिहिता येतं का आणि खासगी नोकरीसाठी परवानगी लागते का, हे दोन्ही खात्याला लेखी विचारायचं, कारण गोपनीयतेचं बंधन सेवा सोडल्यावरही सुटत नाही.

हे सगळं झाल्यावर त्यांनी फोनवर आपलं लिंक्डइनचं पान उघडून दाखवलं. तिथे प्रत्येक नेमणूक महिन्यानिशी, शाखेच्या नावासह, चार वर्षांपासून पडून होती. संध्याकाळचा उरलेला वेळ ते पान साफ करण्यात गेला.