पाठवलेल्या मेलची गुप्त प्रत स्वतःला ठेवावी का?

प्रश्न: इतवारीतल्या दुकानातून रोज वीसेक बिलं मेलने जातात. प्रत्येकाची बीसीसी स्वतःलाच टाकू का? रेकॉर्ड राहील, पण इनबॉक्स भरेल का?

उत्तर: तुमचं खातं आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीवर, किंवा ब्राउझरमध्ये चालत असेल तर नका टाकू, तीच प्रत `Sent` मध्ये आधीच सर्व्हरवर असते. पॉपवर असेल तर मात्र जरूर टाका. पॉप फक्त आलेली मेल उतरवतो, पाठवलेली त्या एका कॉम्प्युटरच्या डिस्कवरच राहते. डिस्क गेली की बिलांचा पुरावाही गेला! दुकानांच्या हिशेबाचं काम करताना मी हे पाहिलंय.

थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये `Account Settings` > `Copies & Folders` इथे बीसीसीचा पत्ता एकदाच भरा. तो रेकॉर्डसाठी काढलेला वेगळा पत्ता असू द्या. रोजच्याच पत्त्यावर प्रती आल्या तर गिऱ्हाइकांची उत्तरं त्यात हरवतात. शिवाय २ एमबीची २० बिलं म्हणजे रोज ४० एमबी, २५ दिवसांत १ जीबी.

एक लक्षात ठेवा: प्रत तुम्हाला आली म्हणजे मेल निघाली, गिऱ्हाइकाला मिळालीच असं नाही.