छोट्या कंपनीचा एचआर डॅशबोर्ड: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: आमची ३०-३५ जणांची कंपनी आहे. हेडकाउंट, भरती, गैरहजेरी आणि सोडून गेलेले, हे सगळं एका पानावर संचालकांना दर महिन्याला दाखवायचं आहे. हाताशी फक्त एक्सेल आहे. कसं करू?

उत्तर:

आलेख अगदी शेवटी काढा. आधी माणसांची यादी नीट लावा, कारण तुम्ही सांगितलेल्या चारपैकी तीन गोष्टी या एकाच यादीतून निघतात. मी बरीच वर्षं साधारण एवढ्याच माणसांच्या कंपनीत हे काम करते आहे. डॅशबोर्ड फसताना पाहिला तो प्रत्येक वेळी यादीमुळेच.

`Staff` नावाची एक शीट करा. एका माणसाला एक ओळ. A मध्ये कर्मचारी कोड, B मध्ये विभाग, C मध्ये रुजू झाल्याची तारीख, D मध्ये कामाचा शेवटचा दिवस आणि E मध्ये सोडण्याचा प्रकार: स्वतःहून गेला, कंपनीने काढलं, की करार संपला. जो अजून कामावर आहे त्याचा D रिकामा. माणूस गेला म्हणून त्याची ओळ कधीही काढायची नाही. मी पहिल्या वर्षी सोडून गेलेल्यांच्या ओळी काढून टाकत होते. वर्षाअखेरीस विचारणा झाली, "यंदा घेतलेल्यांपैकी किती टिकले?" त्या एका उत्तरासाठी मला बारा महिन्यांची पगारपत्रकं उपसावी लागली. गेलेला माणूस परत आला तर जुनी ओळ तशीच ठेवून त्याच कोडाने नवीन ओळ लिहा.

कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी धरायचे की नाही, हे संचालकांना एकदाच विचारून ठरवा आणि तो निर्णय पानाच्या तळाशी एका ओळीत लिहून टाका. नंतरचे अर्धे वाद तिथेच मिटतात.

डॅशबोर्डच्या शीटवर दुसऱ्या ओळीत महिनाअखेरच्या तारखा आडव्या मांडा. E2 मध्ये मागच्या महिन्याची अखेर असेल, तर F2 मध्ये `=EOMONTH(E2,1)`. मग महिनाअखेरचं हेडकाउंट असं येतं:

```
=COUNTIFS(Staff!$C:$C,"<="&F$2)-COUNTIFS(Staff!$D:$D,"<="&F$2)
```

म्हणजे त्या तारखेपर्यंत एकूण किती आले, त्यातून एकूण किती गेले ते वजा. रिकामा D मोजला जात नाही, त्यामुळे कामावर असलेले आपोआप उरतात. पुढच्या महिन्यात रुजू होणाऱ्याची ओळ आधीच लिहून ठेवली तरी तो त्याच्या तारखेपर्यंत आकड्यात येत नाही. महिन्यात किती रुजू झाले, यासाठी:

```
=COUNTIFS(Staff!$C:$C,">"&E$2,Staff!$C:$C,"<="&F$2)
```

याच सूत्रात C च्या जागी D घातलं की त्या महिन्यात किती गेले ते कळतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. ज्याचा शेवटचा दिवस ३० तारीख आहे, तो ३० च्या हेडकाउंटमध्ये धरायचा का? वरच्या सूत्रात तो धरलेला नाही. त्या संध्याकाळी काम संपल्यावर कंपनीत किती माणसं उरली, तो हा आकडा आहे. हेच पाळा. एका जागी त्याला "गेलेला" धरलं आणि दुसऱ्या जागी "अजून आहे" म्हणून मोजलं, की मागचे अधिक आलेले वजा गेलेले ही बेरीज एकाने चुकते आणि चूक कुठे आहे ते सापडता सापडत नाही.

दुसरा हमखास घोळ तारखांचा. ईमेलमधून चिकटवलेली तारीख पुष्कळदा मजकूर म्हणून बसते. दिसायला ती तारीखच असते, पण सूत्र तिला मोजत नाही. D मध्ये असं झालं तर गेलेला माणूस महिनोन्‌महिने हेडकाउंटमध्ये बसून राहतो. एखाद्या कोपऱ्यात ही तपासणी ठेवा आणि D साठीही अशीच दुसरी करा. दोन्हींचं उत्तर ० यायला हवं:

```
=COUNTA(Staff!C2:C500)-COUNT(Staff!C2:C500)
```

आता एक खरी तपासणी, जी मी आजही दर महिन्याला हाताने करते. मागचे अधिक आलेले वजा गेलेले ही बेरीज जुळली म्हणजे यादी बरोबर आहे असं होत नाही. सगळे आकडे एकाच यादीतून आले असतील तर यादी चुकीची असतानाही बेरीज जुळेलच. म्हणून पगारपत्रकाशी ताडून पाहा. समजा महिनाअखेर हेडकाउंट ३४ आहे आणि पगार ३६ जणांचा निघाला. त्या महिन्यात दोघं गेले असतील तर काहीच चुकलेलं नाही, कारण त्यांनी काम केलेल्या दिवसांचा पगार निघणारच. महिनाअखेरचं हेडकाउंट अधिक त्या महिन्यात गेलेले, एवढीच नावं पगारपत्रकावर हवीत. जास्त किंवा कमी असतील तर नावानिशी शोधा. बैठकीत लेखा विभाग ३६ म्हणतो आणि तुम्ही ३४, तेव्हा हे वाक्य तयार असलं पाहिजे. नाहीतर त्या दिवसापासून तुमच्या पानावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

महिना संपल्यावर आकडे गोठवायलाही विसरू नका. कुणी २७ तारखेपासून यायचं बंद करतो आणि त्याचा राजीनामा पुढच्या महिन्याच्या ६ तारखेला मंजूर होतो. तुम्ही D मध्ये खरी तारीख टाकता आणि मागच्या महिन्याचं दाखवून झालेलं ३३ गुपचूप ३२ होतं. म्हणून अहवाल पाठवला की त्या महिन्याचे आकडे वेगळ्या शीटवर फक्त व्हॅल्यूज म्हणून चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी फरक पडला तर "मागील महिन्याची दुरुस्ती: १ कमी" अशी ओळ उघडपणे दाखवा.

सोडून गेलेल्यांबद्दल माझं मत ठाम आहे: छोट्या कंपनीत मासिक टक्केवारी देऊ नका. ३३ जणांत एका महिन्यात दोघं गेले तर ते सुमारे ६.१ टक्के होतात. कुणीतरी त्याला बाराने गुणतं आणि वर्षाला ७३ टक्के लोक जातात असा निष्कर्ष निघतो. पुढच्या महिन्यात कुणीच जात नाही आणि आकडा शून्यावर येतो. दोन्ही आकड्यांतून काहीच कळत नाही. मागच्या १२ महिन्यांत किती गेले तो आकडा घ्या आणि टक्केवारी हवीच असेल तर त्या बारा महिनाअखेरींच्या सरासरी हेडकाउंटने भागा.

उदाहरण घेऊन पाहू. वर्षाच्या सुरुवातीला ३० जण होते, वर्षभरात ११ आले, ७ गेले, अखेर ३४ उरले. सरासरी हेडकाउंट ३२ धरलं तर ७ भागिले ३२, म्हणजे सुमारे २२ टक्के. संचालक हे पाहून "पगार कमी पडतोय का?" असं विचारतील. आता त्याच सात ओळींत D मधून C वजा करून पाहा. चौघं त्याच वर्षी रुजू होऊन सहा महिन्यांच्या आत गेलेले निघाले आणि चौघंही एकाच विभागातले. उरलेले तिघं कित्येक वर्षं काम करून गेले. मग प्रश्न पगाराचा उरत नाही. त्या विभागात माणूस घेताना काम काय सांगितलं जातं आणि पहिल्या काही आठवड्यांत त्याच्याकडे कोण लक्ष देतं, हा प्रश्न होतो. म्हणून माझ्या पानावर २२ टक्के बारीक अक्षरांत असतात आणि त्यावर ठळकपणे लिहिलेलं असतं: "११ आले, त्यांतले ४ सहा महिन्यांच्या आत गेले." एवढी एक ओळ डॅशबोर्डवर आली तरी त्याचं काम झालं.

नोटीस पिरियडमध्ये असलेले वेगळे दाखवा. ते आज ३४ मध्ये आहेत, पण दोन महिन्यांनी नसतील. "३४, पैकी २ नोटीसवर" असं लिहिलं की पुढचं चित्र तिथल्या तिथे दिसतं.

गैरहजेरीसाठी हजेरीपट लागेल. आधी मंजूर झालेली रजा यात धरू नका. लोकांनी सुट्टी घेणं हा दोष नाही. ऐनवेळची गैरहजेरी तेवढी मोजा आणि तिला कामाच्या एकूण मनुष्यदिवसांनी भागा. ३३ माणसं आणि २२ दिवस म्हणजे ७२६ मनुष्यदिवस. मधेच रुजू झालेल्याचे किंवा गेलेल्याचे मात्र तो कामावर होता तेवढेच दिवस धरा. गैरहजेरीचे २९ दिवस असतील तर ४ टक्के. पण त्या २९ पैकी १८ दिवस एकाच माणसाच्या मोठ्या आजारपणाचे असले तर? त्याला वगळून उरतात ११ दिवस, ३२ जणांच्या ७०४ मनुष्यदिवसांपैकी, म्हणजे जेमतेम १.६ टक्के. पहिला आकडा पाहून संचालक शिस्तीचं परिपत्रक काढायला निघतील, दुसरा पाहून कुणी काही करणार नाही. म्हणून दीर्घ आजारपण नेहमी वेगळ्या ओळीत.

आणि कृपा करून गैरहजेरी विभागवार दाखवू नका. तीन जणांच्या विभागातली "दीर्घ आजारपण: १" ही नोंद म्हणजे त्या माणसाचं नावच आहे. पाचपेक्षा कमी जणांचा गट मी कधीच वेगळा दाखवत नाही आणि आजाराचं कारण तर माझ्या फाइलमध्येही नसतं.

भरतीतल्या उघड्या जागांसाठी छोटी वेगळी शीट पुरते: पद, जागा मंजूर झाल्याची तारीख, उमेदवाराने होकार दिल्याची तारीख, रुजू झाल्याची तारीख. एका वेळी तीन-चारच जागा उघड्या असतात, त्यामुळे सरासरीच्या भानगडीत पडू नका. सरळ पदांची यादी द्या आणि प्रत्येकापुढे किती दिवस झाले ते लिहा. होकार दिलेला उमेदवार रुजू होईपर्यंत जागा उघडीच समजा, कारण होकार देऊन न येणारे बरेच असतात.

पानाची मांडणी साधी ठेवा. वर डावीकडे हेडकाउंट आणि नोटीसवरचे, शेजारी बारा महिन्यांची हेडकाउंटची एक रेघ. खाली आलेले आणि गेलेले महिन्यागणिक शेजारी-शेजारी स्तंभांत. त्याखाली उघड्या जागांची यादी आणि गैरहजेरीच्या दोन ओळी. संचालकांना पीडीएफ पाठवा. मूळ फाइलला पासवर्ड लावून ती स्वतःकडे ठेवा, कारण `Staff` शीटमध्ये कोण का गेलं ते लिहिलेलं आहे.