सर्दी-खोकल्यात गार पाणी द्यावं का?

"रविवारी रात्री लग्नात लेकीने (वय ७) दोन आइसक्रीम खाल्ली, सोमवारी सकाळी घसा धरला, आता नाक गळतंय, खोकलाही आहे. सासूबाई म्हणतात थंडानेच झालं. ती कोमट पाणी तोंडाला लावत नाही, गारच मागते. देऊ का?"

द्या. पण सासूबाईंशी भांडू नका, त्यांचंही थोडं खरं आहे.

आधी आइसक्रीमवरचा आळ. सर्दी होते विषाणूमुळे. तो शिरल्यापासून घसा खवखवेपर्यंत बहुधा एक ते तीन दिवस जातात. तुमच्याकडे मध्ये गेली एक रात्र. म्हणजे लागण बहुतेक शुक्रवार-शनिवारीच झाली असणार, शाळेत नाहीतर हळदीला जमलेल्या पोरांत. सर्दीत बरेचदा नाकाआधी घसा बोलतो, त्यामुळे आदल्या रात्री जे खाल्लं त्यावर खापर फुटतं.

आता सासूबाईंची बाजू. १९७८ साली मायामीत १५ निरोगी माणसांच्या नाकातला शेंबूड किती वेगाने सरकतो ते मोजलं होतं. गरम पाणी घोट घोट प्यायल्यावर वेग वाढला, गार पाण्याने मिनिटाला सुमारे ७ मिलिमीटरवरून साडेचारवर आला. तेव्हा गारने नाक जड वाटलं तर नवल नाही. पण त्यावरून आजार लांबतो असं ठरत नाही. पुढे २००८ मध्ये कार्डिफला सर्दी झालेल्यांना एकच फळांचं पेय कुणाला गरम, कुणाला साधं दिलं. नाकातून हवा दोघांची सारखीच जात होती, तरी गरमवाल्यांना घसा, खोकला, शिंका सगळ्यात बरं वाटलं. गरम पेयाचा आराम खरा आहे, नाक मोकळं झालं नाही तरी.

तुमच्या मुलीला मात्र गिळताना दुखतंय, आणि गारव्याने घसा थोडा वेळ बधिर होतो. दुखतं म्हणून मुलं पाणीच सोडतात, ते जास्त वाईट. लघवी गडद पिवळी आणि कमी होऊ लागली की समजा, पाणी कमी पडतंय. ती गार पीत असेल तर पिऊ दे. आधी दोन घोट द्या आणि पाच मिनिटं बघा. लगेच खोकल्याची उबळ आली, तर तिच्या घशाला गारवा सोसत नाही; मग माठातलं द्या (घरातली शांतताही टिकेल). दम्याच्या मुलांत हे हमखास बघावं.

बाहेरच्या बर्फाची गोष्ट निराळी. गोळ्याचा बर्फ कुठल्या पाण्याचा, हे आपल्याला कळत नाही. तिथे भीती जुलाबाची आणि टायफॉइडची, सर्दीची नव्हे.

खोकला-सर्दी नसताना नुसता ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि मानेत दुखऱ्या गाठी दिसल्या तर डॉक्टरांना दाखवा, तो घसा जिवाणूंचा असू शकतो. थुंकीही गिळता येत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर लगेच हॉस्पिटल गाठा.