‘३० दिवसांत १० किलो, १००% गॅरंटी’ हे कॅप्शन कसं सुधारू?

प्रश्न: मी फिटनेस ट्रेनर आहे. माझं कॅप्शन: “३० दिवसांत १० किलो कमी, १००% गॅरंटी! पोटाची चरबी गायब!” एका क्लायंटने ही फसवणूक आहे असं सुनावलं. गॅरंटी काढली तर नवीन लोक कसे येतील?

उत्तर: आधी आकडा तपासू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा किलोंच्या झाल्या ७७,०००, म्हणजे रोज अडीच हजारांहून जास्त तूट. बैठं काम करणाऱ्या बाईचं शरीर दिवसभरात बहुधा तेवढं खर्चतही नाही. तिने महिनाभर उपास केला तरी हिशेब जुळायचा नाही. पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो खरा, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. पोटाचं वाक्य तर काढूनच टाका. क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतात, पण चरबी आधी कुठून उतरेल ते आपण ठरवू शकत नाही.

मी जिमच्या पोस्ट लिहून देतो. इथवर आलं की ट्रेनर हमखास म्हणतात, “मग खाली ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ टाकू की!” त्याने सुटका होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येतच खोटी हमी येते, आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वरचा खोटा दावा खालच्या टिपेने सावरता येत नाही.

हमी द्यायचीच तर जे तुमच्या हातात आहे त्याची द्या: किती दिवस शिकवणार, काय मोजणार. वजनाबद्दल मात्र आपल्या वहीत आहे तेवढंच लिहा. एका ट्रेनरच्या वहीत मागच्या बॅचचे वीस जण होते, त्यातले सात मध्येच सोडून गेलेले. त्याला सर्वात जास्त उतरलेल्या एकाचे सात किलो तेवढे लिहायचे होते, आणि गेलेल्या सातांचं नावही नको होतं. बरीच हुज्जत झाल्यावर हे ठरलं:

“१२ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या दिवशी वजन आणि कंबर मोजू, मग दर पंधरा दिवसांनी. मागच्या बॅचमध्ये २० जण आले, १३ जण शेवटपर्यंत टिकले. त्यांचं वजन २ ते ७ किलोंनी उतरलं, बहुतेकांचं ४ च्या आसपास. जेवणातही बदल करावा लागला. मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.”

‘टिकले’ हा शब्द त्याला खटकत होता, पण फोन करणारे नेमकं तेच विचारतात: सोडून का गेले? त्याचं उत्तर तयार ठेवा. त्याच्याकडे खरं कारण होतं, पहाटे साडेपाचची वेळ.

आधी-नंतरचा फोटो लावणार असाल तर त्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्या, आणि तो सात किलोवाल्याचा असेल तर “बॅचमधला सर्वात मोठा फरक, १२ आठवड्यांत” असं फोटोवरच लिहा.