कादंबरीतला पाऊस: पॅटर्न की नुसतं वातावरण?

प्रश्न: टीवायला हेमिंग्वेच्या 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीतल्या पावसावर निबंध लिहायचाय. मॅडम म्हणतात "वातावरण उदास होतं" असलं लिहू नको, पॅटर्न दाखव. पण पाऊस खरंच पॅटर्न आहे की आपणच ओढूनताणून बघतोय, हे कसं ठरवायचं?

उत्तर:

सगळ्यात आधी हे बघा की त्या जागी, त्या महिन्यात पाऊस पडणं नेहमीचंच आहे का. आपल्याकडे हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून ११ जूनच्या आसपास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास जातो, म्हणजे परळमधल्या गोष्टीत जुलैमध्ये पाऊस पडला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, उलट अख्ख्या जुलैमध्ये कुणी साधी छत्रीसुद्धा उघडली नाही तर मी थांबून विचार करीन.

तुमच्या कादंबरीतही हाच प्रॉब्लेम आहे. इटलीच्या त्या सरहद्दीवर शरदात पाऊस असतोच आणि इटलीच्या सैन्याला माघार घ्यायला लावणारी कापोरेत्तोची खरी लढाई २४ ऑक्टोबर १९१७ ला सुरू झाली तीही खराब हवेतच. त्यामुळे "माघारीच्या भागात सतत पाऊस आहे" हे वाक्य निबंधात पुरावा म्हणून चालणार नाही, तो इतिहासातलाच पाऊस आहे. शिवाय तिथला पाऊस कथानकाचं काम करतो, चिखल होतो, गाड्या रुततात, गाडी काढायला मदत न करता निघून जाणाऱ्या सार्जंटवर कादंबरीचा नायक आणि निवेदक फ्रेडरिक गोळी झाडतो. हवा तिथे कारण आहे, जसं 'बनगरवाडी'त पाऊस न येणं हे वाडी उठण्याचं कारण आहे. याला मोटिफ म्हणायची घाई करू नका, घटनेसाठी लागणारी हवा वेगळी आणि अर्थ साठवत जाणारी हवा वेगळी.

मग पॅटर्न कुठे शोधायचा, तर पाऊस किती वेळा येतो यात नाही, तो येतो तेव्हा कशाला चिकटून येतो यात. पहिलंच प्रकरण घ्या, जेमतेम दोन पानांचं आहे. पावसात सैनिक चाललेत, अंगावर केप, केपच्या आत पोटाशी काडतुसांच्या पेट्या, आणि निवेदक म्हणतो की ते सहा महिन्यांचे गरोदर असल्यासारखे दिसत होते. थोड्या ओळींनी हिवाळा लागतो, कायमचा पाऊस येतो, पावसाबरोबर कॉलरा येतो, आणि सैन्यात त्याने फक्त सात हजार माणसं मेली असं तो सांगून टाकतो. पाऊस, गरोदरपण आणि मरण हे तिन्ही एकाच पानावर, आणि त्याची प्रेयसी कॅथरिन अजून पुस्तकात आलेलीही नाही! शेवटच्या प्रकरणात ती बाळंतपणात दगावते आणि फ्रेडरिक पावसातून हॉटेलवर परत जातो.

आता मधलं १९ वं प्रकरण काढा, मिलानमधलं. बाहेर पाऊस पडतोय आणि कॅथरिन सांगते की मला पावसाची भीती वाटते कारण कधीकधी मी त्यात मेलेली दिसते, आणि कधी तू. तो म्हणतो काहीतरीच काय, तिची समजूत काढतो, तिचं रडणं थांबतं आणि पाऊस मात्र चालूच राहतो. हा प्रसंग तुमच्या निबंधाचा कणा आहे कारण इथे पावसाला अर्थ देणारे तुम्ही नाही, पात्रानेच तो दिलाय आणि दुसऱ्या पात्राने नाकारलाय. नुसत्या सजावटीच्या हवेबद्दल पुस्तकातली माणसं अशी भांडत नाहीत.

यानंतर ४० वं प्रकरण वाचलंत की फरक लगेच जाणवेल. स्वित्झर्लंडमध्ये जानेवारी-फेब्रुवारी बर्फात, कोरड्या थंडीत दोघं सुखात आहेत, मग मार्चमध्ये एका रात्री पाऊस सुरू होतो, बर्फाचा चिखल होतो आणि ते डोंगर सोडून लोझानला, हॉस्पिटलजवळ जायचं ठरवतात. वाईट अजून काहीच झालेलं नाही, तरी तुम्ही त्या वाक्यावर दचकता. ते दचकणं आधीच्या पानांनी तयार केलंय, आणि मी पॅटर्न म्हणतो तो हाच. पहिल्यांदा पाऊस वाचताना काही वाटत नाही पण पाचव्यांदा वाचताना आधीचे चार सोबत येतात. सजावटीच्या पावसात पाचवा पाऊस पहिल्याइतकाच रिकामा असतो.

तपासायची एक साधी रीत सांगतो. वहीत चार रकाने करा: प्रकरण, हवा, काय घडतं, आणि हवेची दखल कोण घेतं (निवेदक, पात्र की कुणीच नाही). आणि हे फार महत्त्वाचं आहे, कोरड्या हवेतले मृत्यू आणि पावसातले चांगले क्षणही त्यात लिहा, नाहीतर जे सापडायला हवंय तेच सापडत जातं. मग प्रत्येक नोंदीतून पाऊस काढून वाक्य परत वाचा. फ्रेडरिकला रेल्वेने स्ट्रेसा गावी जाताना खिडकीतून ओला प्रदेश दिसतो, तो काढला तर माझ्या मते काही बिघडत नाही, ती सजावट, निबंधात घेऊ नका. १९ व्या प्रकरणातला काढला तर प्रसंगच उरत नाही.

हा तक्ता केलात की "पाऊस म्हणजे मृत्यू" हे सोपं समीकरण टिकत नाही हे दिसेल. नवव्या प्रकरणात तोफगोळा पडतो, फ्रेडरिकच्या हाताखालचा ड्रायव्हर पासिनी भयानक मरतो, फ्रेडरिकचे पाय जखमी होतात, आणि तिथे पाऊस नाही. उलट माघारीत अर्धवट झोपेत असताना फ्रेडरिकच्या मनात एक जुनी इंग्रजी कविता येते, त्यातला पाऊस प्रेयसीच्या ओढीचा आहे आणि तो तिथे कॅथरिनचं नाव जोडतो. बरेच विद्यार्थी असे अपवाद लपवतात. मला वाटतं तुमचा खरा मुद्दा इथेच आहे. पासिनी कोरड्या हवेत मरतो, कॅथरिनचा निरोप मात्र पावसात होतो (मिलानहून फ्रंटवर परत जाताना आठवा), तिची भीती पावसाची, तिच्यासाठीची ओढ पावसात आणि तिच्यानंतरची रात्रही पावसातली. म्हणजे हा पाऊस सगळ्या मृत्यूंचा नाही, तो कॅथरिनला गमावण्याशी बांधलाय.

आणि फ्रेडरिक हे सगळं नंतर सांगतोय, सगळं होऊन गेल्यावर. पहिल्या प्रकरणातला पाऊस पडला तेव्हा तो तिला ओळखतही नव्हता, तरी ओल्या सैनिकांकडे बघून त्याला गरोदरपण आठवतं, ही उपमा तेव्हाच्या तरुणाची नाही तर बाळंतपणातला मृत्यू पाहून आलेल्या माणसाची आहे असं मांडता येतं. त्यामुळे थीसिसचं वाक्य साधारण असं करा: "या कादंबरीतला पाऊस पुढे काय होणार हे सुचवत नाही, काय होऊन गेलंय हे निवेदकाला विसरता येत नाही हे दाखवतो." मग पहिला परिच्छेद १९ व्या प्रकरणावर, दुसरा पहिल्या प्रकरणावर, तिसरा ४० आणि ४१ वर, आणि पासिनीचा अपवाद शेवटी तळटीपेत न ढकलता तिसऱ्याच्या आधी मधोमध घ्या, कारण मुद्दा त्यानेच नेमका होतो. माघारीच्या चिखलाला दोन ओळी पुरेत, तो कथानकाला लागणारा पाऊस आहे एवढं सांगून पुढे जा.