कॅप्शनच्या स्क्रीनशॉटवरून इतिवृत्त कसं लिहायचं?

प्रश्न: आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची मीटिंग व्हिडिओ कॉलवर झाली. रेकॉर्डिंग नाही. खाली मराठीत कॅप्शन येत होते, त्याचे ११ स्क्रीनशॉट माझ्याकडं आहेत. त्यावरून निर्णय आणि कोणी काय करायचं हे धरून प्रोसिडिंग कसं लिहू? (जि. लातूर)

उत्तर:

अकराच असतील तर ते हातानं टाइप करा. मजकूर काढून देणारी सोय (फोनवर Google Lens, कॉम्प्युटरवर Drive मधून Open with > Google Docs) वेळ वाचवते खरी, पण कोणत्या नावाखाली कोणती ओळ होती हे त्यात विस्कटतं. अनुस्वार आणि मात्रा गळतात ते वेगळंच. शिवाय कॅप्शनमध्ये ऐकण्याची चूक आधीच असते. तिच्यावर वाचण्याची चूक चढली की मूळ शब्द काय होता हे ओळखता येत नाही. तीस-चाळीस स्क्रीनशॉट असते तर मीही तीच सोय वापरा म्हटलं असतं.

टाइप करण्याआधी क्रम लावा. अँड्रॉइड फोननं स्वतः दिलेल्या `Screenshot_20250519-114206` अशा नावात तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत असते. कोणी व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला असेल तर त्याचं नाव `IMG-20250519-WA0012` असं होतं, वेळ निघून जाते आणि अक्षरंही पुसट होतात. असे स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवून घ्या. मग प्रत्येकाला क्रमांक द्या आणि समोर वेळ लिहा. दोन स्क्रीनशॉटमधल्या ओळी जुळत नसतील, तर मधे ‘इथं मजकूर नाही’ अशी ओळ टाका. पुढं सगळ्यात जास्त उपयोग ह्याच ओळींचा होतो.

वाक्याचं शेपूट

मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘नाही’ही शेवटी, ‘का’ही शेवटी. ‘दोनशे पोती गुरुवारी आणायची’, ‘आणायची नाहीत’ आणि ‘आणायची का’ ही तिन्ही वाक्यं शेवटच्या शब्दापर्यंत एकसारखीच दिसतात. स्क्रीनशॉटमध्ये तुटतं ते नेमकं हेच शेपूट. त्यात बोलणं चालू असताना कॅप्शनची शेवटची ओळ सारखी बदलत असते: पुढचा शब्द ऐकू आला की मागचे एक-दोन शब्द दुरुस्त होतात. त्यामुळं कोणत्याही स्क्रीनशॉटची शेवटची ओळ कच्ची समजा. तीच ओळ पुढच्या स्क्रीनशॉटमध्ये वर सरकलेली दिसली, तर ती पक्की.

म्हणून मी एक नियम कडक पाळतो. ज्या वाक्याचं क्रियापद दिसत नाही, त्यातून अंतिम प्रतीत ना निर्णय लिहायचा ना काम. मसुद्यात ते फार तर ‘अपूर्ण’ म्हणून ठेवायचं. संदर्भावरून अंदाज कितीही पक्का वाटला तरी नाही.

नमुन्यासाठी तीन स्क्रीनशॉट

समजा, मीटिंग सोमवार, १९ मे २०२५ ची आहे, विषय सोयाबीनचं घरचं बियाणं आणि पोत्यांची खरेदी, आणि कॅप्शन असे आले:

```
[४] 11:42:06
ऑफिस: घरच्या बियाण्याची उगवण चाचणी
सगळ्या गावांत घ्यायची शंभर दाणे मोजून
गोणपाटात सत्तर उगवले तर पेरा

[५] 11:42:31
ऑफिस: सत्तर उगवले तर पेरायला चालतंय
त्याच्या खाली आलं तर किती वाढवायचं
ते कृषी सहायकाला विचारून मी परवा

[६] 11:44:20
ऑफिस: बारा दाणे दोनशे मोंढ्यातून आणायचे
उपाध्यक्ष: आधी दर बघू मग ठरवू
```

चार आणि पाच एकमेकांना जुळतात. ‘पेरा’ अर्धवट होतं, ते पाचमध्ये ‘पेरायला चालतंय’ असं पूर्ण झालं. म्हणजे चाचणी घ्यायची, १०० पैकी ७० दाणे उगवले तर ते बियाणं चालेल, एवढं पक्कं धरता येतं. ७० टक्के हे सोयाबीनच्या उगवणीचं नेहमीचं प्रमाण आहे, त्यामुळं आकडाही बसतो. आकड्यांना अशी बाहेरून ताडणी लागतेच. कॅप्शनमध्ये ‘सत्तर’चं ‘सतरा’ होतं, ‘साठ’चं ‘सात’ होतं, आणि ‘दीड’, ‘अडीच’, ‘साडेबारा’ यांतला अर्धा बऱ्याच वेळा गळून जातो.

पण ही चाचणी ‘घ्यायची’ म्हटलं, घेणार कोण ते कुठंच नाही. ‘घ्यायची’, ‘करू’, ‘बघू’ ह्या क्रियापदांना माणूस नसतो. असं वाक्य निर्णय होऊ शकतं, काम नाही. काम लिहायला तीन गोष्टी दिसाव्या लागतात: माणूस, क्रियापद आणि तारीख. त्यातली नसेल ती जागा कोरी सोडा.

पाचव्याची शेवटची ओळ बघा. ‘विचारून मी परवा’ आणि पुढं जवळपास दोन मिनिटं काही नाही. इथं मोह होतो की ‘परवा सांगतो’ असं पूर्ण करावं. ते ‘परवा सांगितलंच होतं’ असंही असू शकतं, कारण मराठीत ‘परवा’ दोन्हीकडं चालतो आणि तो मागचा की पुढचा हे क्रियापदच सांगतं. पुढचा असेल तर २१ मे, मागचा असेल तर १७ मे. शिवाय हा ‘मी’ कोण? ऑफिसात एका लॅपटॉपसमोर चौघं बसले असतील तर चौघांचं बोलणं ‘ऑफिस’ ह्या एकाच नावाखाली येतं. ‘करतो’ की ‘करते’ यावरून थोडा माग लागतो, पण कॅप्शन ते ऱ्हस्व-दीर्घासारखंच सैलपणे लिहितं, त्यामुळं तो पुरावा धरू नका, विचारायचा मुद्दा धरा.

सहाव्यात ‘बारा दाणे’ हा आकडा नाहीच. तो ‘बारदाना’ आहे. मोंढ्यातून बारा दाणे कोणी आणत नाही आणि पोत्यांची खरेदी विषयपत्रिकेवर आहे. आपल्याकडचे शब्द कॅप्शनला अनोळखी असतात, त्यामुळं ‘मोंढा’चं ‘मुंडा’, ‘आडत’चं ‘आदत’, ‘न्हाई’चं ‘राही’ असं काहीही येतं. निरर्थक शब्द दिसला की मोठ्यानं वाचा. डोळ्याला न कळलेलं कानाला कळतं. एखाद्या स्क्रीनशॉटमध्ये ‘दर काढू लालो’ असं आलं, तर ‘लालो’ म्हणजे ‘लागलो’ हे सुद्धा अशानंच उलगडतं. त्याचा अर्थ काम आधीच चालू आहे, नवीन अंगावर घेतलेलं नाही. ते इतिवृत्तात ‘चालू’ म्हणून जातं.

बारदान्याचा निर्णय मात्र झालेला नाही. एकानं दोनशेचा प्रस्ताव ठेवला, दुसऱ्यानं ‘आधी दर बघू’ म्हणून तो थांबवला. पहिली ओळ एकटी वाचली तर ‘२०० बारदाना आणण्याचं ठरलं’ असं लिहिलं जातं आणि त्यावर पैसे खर्च होतात. म्हणून प्रस्ताव दिसला की त्याच्या पुढच्या दोन ओळी वाचल्याशिवाय तो निर्णयात टाकू नका. ‘ठरलं’, ‘मान्य’, ‘मंजूर’ किंवा अध्यक्षांचं ‘चला, तसं करा’ यातलं काहीतरी दिसावं.

मसुदा असा दिसेल

```
निर्णय
१. सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण चाचणी
   सर्व गावांत घ्यावी. १०० पैकी ७० किंवा जास्त
   दाणे उगवल्यास बियाणे पेरणीस चालेल.
   [४, ५, मान्यता झाली का ते विचारणे]

प्रलंबित
२. बारदाना खरेदी: २०० चा प्रस्ताव. दर कळल्यावर
   निर्णय. [६]

कार्यवाही
अ. उगवण चाचणी घेणे
   जबाबदार: ____   मुदत: ____   [४]
ब. ७० पेक्षा कमी उगवण असल्यास बियाणे किती
   वाढवावे, हे कृषी सहायकांना विचारणे
   जबाबदार: ____   मुदत: २१ मे?   [५, अपूर्ण]
क. मोंढ्यातील बारदान्याचा दर काढणे
   जबाबदार: ____   मुदत: ____   [६]
```

कंसातले आकडे स्क्रीनशॉटचे आहेत. मसुद्यात ते राहू द्या, वहीत उतरवताना काढा. ‘परवा’, ‘गुरुवारपर्यंत’, ‘बाजाराच्या दिवशी’ हे सगळं तारखेत बदला, नाहीतर महिन्याभरानं वाचणाऱ्याला ते कळणार नाही. ‘क’ हे काम कोणी तोंडानं सांगितलेलं नाही, ते ‘दर बघू’ यातून मी काढलं. ‘ब’चं क्रियापद दिसलेलं नाही. अशी कामं पक्की करून घेतल्याशिवाय अंतिम प्रतीत ठेवायची नाहीत.

आता रिकाम्या जागा भरायच्या. ग्रुपवर मसुदा टाकून ‘तपासून घ्या’ म्हटलं तर सगळे अंगठा देतात आणि कोणी वाचत नाही. त्यापेक्षा नेमके प्रश्न, ज्याला त्याला विचारा: ‘अध्यक्षसाहेब, कृषी सहायकांना विचारायचं कोणी घेतलंय? २१ तारीख धरू का?’, ‘ताई, बारदान्याचा दर तुम्ही काढणार की गोदामवाले काका?’ हे त्याच दिवशी करा. दोन दिवस गेले की प्रत्येकाला आपल्या सोयीचं आठवतं. उत्तर आलं की जागा भरा. नाही आलं तर ‘जबाबदारी पुढील सभेत निश्चित करावी’ असं लिहा. तुमच्या मनानं नाव घालू नका, कारण काम राहिलं तर जाब त्या माणसाला द्यावा लागतो.

ही संचालक मंडळाची रीतसर सभा असेल तर कंपनी कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे इतिवृत्त सभेपासून ३० दिवसांच्या आत वहीत यायला लागतं. तिथं उपस्थिती, ठराव, सही हे सगळं तुमच्या सीएंनी दिलेल्या नमुन्यात बसवा. स्क्रीनशॉट हा त्याचा पुरावा नाही, फक्त आठवणीला आधार आहे. मजकूर नसलेल्या मिनिटांत काय झालं ते स्क्रीनशॉट सांगत नाही, म्हणून ‘यावर चर्चा झाली नाही’ असं कुठंही लिहू नका.

एखाद्या स्क्रीनशॉटमध्ये सलग हिंदीसारखी किंवा इंग्रजीसारखी निरर्थक वाक्यं दिसली, तर त्या वेळी कॅप्शनची भाषा मराठी नसावी. ते उलगडत बसू नका, बाजूला ठेवा आणि त्या वेळेचं थेट माणसांना विचारा.

पुढच्या वेळी स्क्रीनशॉट बोलणं थांबल्यावर, शेवटची ओळ स्थिर झाल्यावर काढा आणि मागच्या स्क्रीनशॉटमधल्या किमान दोन ओळी त्यात येऊ द्या. ऑफिसात एकाच लॅपटॉपवर बसणाऱ्यांना बोलण्याआधी आपलं नाव घ्यायला सांगा: ‘गोदामातून बोलतोय, दर मी काढतो, गुरुवारपर्यंत.’