नऊ हजार वस्ती, तरी जनगणनेत खेडंच?

प्रश्न: आमच्या बेळगावजवळच्या गावात नऊ हजार लोक राहतात, तरी जनगणनेत ते खेडं का? डेन्मार्कमध्ये म्हणे दोनशे वस्तीलाही शहरी धरतात.

उत्तर: बहुधा शेतीमुळे. नगरपालिका, महापालिका किंवा कॅन्टोन्मेंट असेल तर जागा आपोआप शहरी ठरते. नसेल तर 2011 च्या जनगणनेत तीन अटी होत्या आणि तिन्ही एकदम पुऱ्या व्हाव्या लागत: किमान 5,000 लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी निदान 75 टक्के बिगरशेती कामात. गाव अडतं ते तिसऱ्या अटीत. समजा असे 2,000 पुरुष आहेत. 1,400 जण उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा दुकानात, 600 ऊस-भातात. झाले 70 टक्के, म्हणजे खेडं. मुख्य कामगार म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेला. बायकांचं काम या हिशेबात येतच नाही, हे मला खटकतं.

डेन्मार्कमध्ये लागून असलेली घरं आणि 200 रहिवासी पुरतात, कारण तिथली वस्ती विरळ. तोच नियम इथे लावला तर बहुतेक खेडी शहरी ठरतील. आपली शेतकरी गावंही दाटीची, म्हणून धंदा बघावा लागतो.

मात्र जनगणनेने ‘शहर’ म्हटलं तरी ग्रामपंचायत तशीच राहते. नगरपंचायत करायची की नाही, ते राज्य सरकार ठरवतं.